नोकरीच्या जाहिराती आणि निविदांतून धंद्याची चाहूल घेताना या चुका टाळा

थंड गोदामातल्या तापमानाच्या नोंदी सांभाळणारा माणूस हवा, अशा 64 जाहिराती मी तीन महिन्यांत जमवल्या होत्या. कुणी औषधं साठवणारं, कुणी लस, कुणी गोठवलेला माल. पदांची नावं वेगवेगळी, पण कामाच्या यादीत एक ओळ हमखास असायची: 'डेटा लॉगरच्या नोंदी गोळा करणे व कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे अद्ययावत ठेवणे.' त्याच काळात लॉगर खरेदीच्या सात सरकारी निविदाही सापडल्या. मागणी आहे असं मी ठरवूनच टाकलं आणि लॉगर विकायचा बेत आखायला बसलो.

डेटा लॉगर म्हणजे ठरावीक वेळाने तापमान टिपून साठवणारं छोटं यंत्र. बऱ्याचशा लशी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात आणि तसं ठेवल्याचा पुरावा म्हणजे या यंत्राच्या नोंदी. पण यंत्राचं मोजमाप हळूहळू सरकतं. म्हणून ते अधूनमधून, बहुधा वर्षातून एकदा, प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहावं लागतं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

पहिली चूक: जाहिराती मोजणं

64 हा आकडा फुगलेला होता. एकच जागा मालक स्वतः टाकतो, दोन भरती एजन्स्या टाकतात आणि चार संकेतस्थळं तीच उचलून पुन्हा लावतात. एजन्सी मालकाचं नाव लपवते, पण कामाचं वर्णन सहसा जसंच्या तसं चिकटवते. म्हणून वर्णनातलं एखादं विचित्र वाक्य उचलायचं आणि अवतरणचिन्हात टाकून शोधायचं, की भावंडं बाहेर येतात. अशी चाळणी लावल्यावर माझ्याकडे 23 जागा उरल्या, आणि त्या 14 संस्थांच्या होत्या. धंद्याच्या दृष्टीने खरा आकडा 14, कारण गिऱ्हाईक संस्था असते, जागा नव्हे.

मग प्रश्न येतो पुन्हा पुन्हा झळकणाऱ्या जाहिरातींचा. महिना-दीड महिन्याने तीच जाहिरात परत दिसली की 'माणूस मिळत नाहीये, म्हणजे गरज मोठी' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तेव्हा आधी जुना मजकूर शेजारी ठेवून वाचा. पाच वर्षांच्या अनुभवाची अट दोनवर आली असेल, पगार वाढला असेल, 'त्वरित रुजू' जोडलं असेल, तर जागा खरोखर रिकामी आहे आणि कुणाला तरी ती टोचते आहे. मजकूर अक्षरशः तोच असेल आणि दर महिन्याला त्याच सुमारास वर येत असेल, तर ती आपोआप नूतनीकरण होणारी किंवा नुसते अर्ज जमवून ठेवणारी जाहिरात समजा. म्हणून माझ्या तक्त्यात 'प्रथम दिसली' आणि 'शेवटची दिसली' यांच्या जोडीला 'काय बदललं' असा रकाना आहे. तिन्हींत तोच सगळ्यात कामाचा.

दुसरी चूक: पदाचं नाव वाचून थांबणं

मी 14 संस्थांच्या जाहिरातींतली कामांची यादी पुन्हा वाचली आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारली. गोळा करणे, जुळवणे, तक्त्यात भरणे, पाठपुरावा करणे, तपासणीपूर्वी सादर करणे. 'लॉगर निवडणे' किंवा 'लॉगर बसवणे' एकाही ठिकाणी नव्हतं. यंत्रं त्यांच्याकडे आधीच होती! दुखणं प्रमाणपत्रांचं होतं: कुठल्या यंत्राची मुदत कधी संपते, कुणाकडे पाठवायचं, परत कधी येणार. 'पाठपुरावा करणे' हा शब्द दिसला की मी आता हमखास थांबतो. बाहेरचं कुणीतरी काम वेळेवर करत नाही, असा त्याचा अर्थ असतो.

इथेच एक उलटी बाजूही लक्षात घ्या. नोकरीची जाहिरात म्हणजे ते काम पगारी माणसाकडून, घरातच करून घ्यायचं असा झालेला निर्णय. त्यामुळे 'एवढा पगार द्यायला तयार आहेत, म्हणजे तेवढे आपल्याला देतील' हा हिशोब साफ खोटा. एका जाहिरातीत नऊ कामं होती, त्यातली दोनच आपल्या विषयाची. असं काम करणाऱ्या एका ओळखीच्याला विचारलं, तर तो म्हणाला, "महिन्याला दोन दिवस जातात, वर्षातून एकदा तपासणीआधी आठवडाभर." म्हणजे वर्षाचे साधारण तीस दिवस, पगाराच्या जेमतेम दहाव्या भागाएवढे. तेवढेच दिवस वाचवणार असू तर आपल्या दराचं छत तिथेच लागतं. त्याहून जास्त मागायचं तर वेळेखेरीज दुसरं काही वाचवून दाखवावं लागेल, उदाहरणार्थ तपासणीतला शेरा.

तिसरी चूक: निविदेचा मथळा आणि रक्कम पाहून हुरळणं

सात निविदांपैकी चारांचा तांत्रिक भाग एकच होता, अगदी टंकलेखनाच्या चुकीसकट. असा मजकूर दिसला की चार ठिकाणी स्वतंत्रपणे गरज निर्माण झाली असं समजू नका. बहुधा वरून एक परिपत्रक किंवा एक निधी आलेला असतो आणि सगळ्यांनी एकच नमुना वापरलेला असतो. खरेदी एकदा झाली की पाच-सात वर्षं सामसूम.

पण निविदेत खरी माहिती मथळ्यात नसते. ती तीन जागी असते: दरपत्रकाच्या शेवटच्या ओळी, शुद्धिपत्रक आणि काम दिल्याची सूचना. शोधताना मी शुद्धिपत्रकाचा शब्द मुद्दाम घालतो, कारण सर्वसाधारण शोधात ती मागे राहतात:

```
"data logger" calibration corrigendum filetype:pdf
```

दरपत्रकात खाली एक ओळ सापडली: हमी कालावधी संपल्यावर तीन वर्षं वार्षिक कॅलिब्रेशन, दर स्वतंत्र नमूद करावा. यंत्रं एकदाच विकली जाणार होती, हे काम मात्र दरवर्षी येणार होतं. पाच निविदांचे निकाल लागले होते आणि त्यांतल्या तीन आलटून पालटून दोनच पुरवठादारांकडे गेल्या होत्या. लॉगर विकण्याच्या माझ्या बेताला तिथेच पूर्णविराम.

याच शोधात, त्या सातांबाहेरची, निव्वळ कॅलिब्रेशनची एक निविदा हाती लागली. तिची दोनदा फेरनिविदा निघाली होती. फेरनिविदा दिसली की लोक लगेच 'पुरवठादारच नाही, मोकळं रान आहे' म्हणतात. तसं असेलही. पण अंदाजित रक्कम इतकी कमी धरलेली असू शकते, की त्या दरात कुणाला परवडतच नाही. दोन्हींतला फरक कागदावर दिसतो. शुद्धिपत्रकात फक्त तारीख पुढे ढकलत असतील आणि इच्छुकांचे प्रश्न सगळे दराभोवतीच फिरत असतील, तर रान मोकळं नाही, ओसाड आहे. या निविदेतले प्रश्न वेगळे होते. एका प्रयोगशाळेने विचारलं होतं, यंत्रं आमच्याकडे पाठवाल का? कार्यालयाचं उत्तर: नाही, कारण तेवढे दिवस शीतकपाट नोंदीविना ठेवता येणार नाही, काम जागेवरच व्हावं. आणि जागा होत्या विखुरलेल्या, प्रत्येक ठिकाणी चार-पाच यंत्रं. प्रयोगशाळांना आयएसओ/आयईसी 17025 या कॅलिब्रेशन प्रयोगशाळांसाठीच्या मानकाची मान्यता होती, पण पाच यंत्रांसाठी माणूस आणि उपकरणं घेऊन जाणं परवडणारं नव्हतं.

ही फट मला कुठल्याही मथळ्यात दिसली नसती. काम करणारे होते, करवून घेणारे होते, पण यंत्र हलवण्यावर गाडी अडली होती. त्यावरचा उपाय साधा वाटतो: आधीच कॅलिब्रेट केलेले लॉगर घेऊन जायचे, जुन्यांच्या जागी लावायचे, जुने प्रयोगशाळेत न्यायचे. नोंदीत खंड नाही. मात्र यासाठी तीच किंवा चालण्याजोगी मॉडेलं हाताशी राखून ठेवावी लागतात, आणि यंत्राचा अनुक्रमांक बदलतो म्हणून नोंदवहीत अदलाबदलीची नोंद नीट करावी लागते. भांडवल त्या राखीव साठ्यात अडकतं.

चौथी चूक: स्वतःच निविदा भरायला निघणं

मागच्या तीन वर्षांची उलाढाल, तशाच कामाचा अनुभव, मान्यता, वर बयाणा रक्कम. नव्या उद्योगाला पात्रतेच्या अटींतच बाहेर ठेवलेलं असतं. तरी ती निविदा वाचणं वाया जात नाही, कारण त्या वेळी गिऱ्हाईक सरकारी कार्यालय नसतं, काम जिंकलेला पुरवठादार असतो. काम दिल्याच्या तारखेत पुरवठ्याची मुदत आणि हमी कालावधी मिळवा. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यावर वार्षिक कॅलिब्रेशन येतं, आणि यंत्रं विकणाऱ्याला विखुरलेल्या जागांवर फिरण्यात रस नसतो. त्याच्याकडे तीन-चार महिने आधी जायचं. त्यापूर्वी करारातलं पोटकंत्राटाचं कलम वाचा, काही ठिकाणी लेखी परवानगी लागते. आणि 'आम्हाला पैसे आले की तुम्हाला देऊ' या बोलीवर राखीव साठा उभा करू नका.

आणखी लवकर चाहूल हवी असेल तर निविदेच्या आधीचे कागद पाहा. अनेक खात्यांच्या वार्षिक खरेदी योजना प्रसिद्ध होतात. अमेरिकेच्या SAM.gov या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावर 'Sources Sought' नावाच्या सूचना असतात, म्हणजे खरेदी ठरण्याआधी पुरवठादार आहेत का याची विचारणा. युरोपीय संघाच्या TED या निविदांच्या संकेतस्थळावरही पूर्वसूचना निघतात. तिथे शब्दाने शोधण्यापेक्षा सीपीव्ही या वस्तू-सेवांच्या ठरलेल्या संकेतांकाने शोधणं बरं, कारण एकाच वस्तूला प्रत्येक जण वेगळं नाव देतो.

पाचवी चूक: कागदावरच थांबणं

14 पैकी सहा संस्थांत बोलता आलं. 'अशी सेवा हवी का?' हा प्रश्न मी विचारलाच नाही. त्याला सगळे 'हो, कल्पना छान' म्हणतात. विचारलं ते असं: गेल्या वेळी प्रमाणपत्राची मुदत संपली तेव्हा नेमकं काय केलंत? चौघांनी सांगितलं की यंत्र पाठवून परत यायला तीन आठवडे गेले आणि तोवर दुसऱ्या खोलीतला लॉगर आणून लावला. म्हणजे ती दुसरी खोली तीन आठवडे नोंदीविना. उरलेल्या दोघांना मात्र त्यांचा पुरवठादारच जाग्यावर येऊन, जादा पैसे न घेता हे करून देत होता, देखभाल कराराचा भाग म्हणून.

त्या दोघांना मी यादीतून काढलं नाही. 'काय बदललं' या रकान्यात त्यांचे देखभाल करार कधी संपतात त्या तारखा लिहून ठेवल्या.