या चुका टाळा: ट्रॅकिंगवर कंटेनर 'पोचला' दिसतो, पण लातूरला तूर काही येत नाही

आमच्या दाल मिलचं इम्पोर्टचं कागदपत्राचं काम माझ्याकडं असतं, म्हणजे तूर मोझांबिकमधनं निघाली की ती यार्डात उतरेपर्यंत "आता कुठंय?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं काम. दिवसातनं चार वेळा शेठ विचारतात, दोन वेळा दलाल विचारतो, आणि नांदेडच्या मोंढ्यातला आमचा एक पाहुणा तर थेट ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट पाठवून "हे काय लिवलंय बघ बरं" म्हणतो. त्या स्क्रीनशॉटात लिहिलेलं बहुतेक वेळा खरंच असतं, वाचणाराच चुकतो. मीही चुकलोय, आणि एकदा चांगलाच, ते सांगतोच.

आधी नंबरचं. शिपिंग लाइनच्या साइटवर टाकायचा तो कंटेनर नंबर नाहीतर लाइनचा मास्टर बीएल नंबर. बीएल म्हणजे बिल ऑफ लेडिंग, माल जहाजावर चढवल्याची पावती. बऱ्याच जणांच्या हातात, लाइनकडं जागा बुक करून देणाऱ्या फॉरवर्डरनं दिलेला हाउस बीएल असतो, तो लाइनच्या साइटवर टाकला की काहीच सापडत नाही आणि मग "माल निघालाच नाही का काय" म्हणून फोन सुरू होतात. हाउस बीएल फक्त फॉरवर्डरच्या सिस्टिममध्ये चालतो, त्यामुळं मास्टर नंबर फॉरवर्डरकडनं पहिल्या दिवशीच मागून ठेवा. कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे, उदाहरणार्थ `CSQU3054383`. शेवटचा आकडा कंटेनरच्या दारावर चौकटीत रंगवलेला असतो, म्हणून फोटोवरनं नंबर उतरवणारा माणूस तो वेगळाच काहीतरी समजून सोडून देतो. तो चेक डिजिट असतो, आधीच्या अक्षरा-आकड्यांवरनं हिशोबानं निघतो, आणि तो नसला तर बहुतेक साइटा नंबर घेत नाहीत. अजून एक, कंटेनर हा भाड्याच्या गाडीसारखा असतो, तुमच्या आधी दुसऱ्याचा माल घेऊन फिरलाय आणि तुमच्यानंतरही फिरणार. त्यामुळं नंबर टाकल्यावर कुठलं भलतंच बंदर दिसलं तर घाबरू नका, आधी तारखा बघा, ती ट्रिप तुमचीच आहे का ते.

आता माझी चूक. माल होता मोझांबिकच्या नकाला बंदरातनं न्हावा शेवाला, वीस फुटी कंटेनर, प्रत्येकात पंचवीस टनाच्या आसपास तूर. १९ सप्टेंबरला साइटवर असं दिसत होतं:

```
06 Sep  Nacala, MZ       Gate in full
11 Sep  Nacala, MZ       Loaded on vessel
19 Sep  Port Louis, MU   Transshipment discharged
23 Sep  Port Louis, MU   Estimated departure
04 Oct  Nhava Sheva, IN  Estimated arrival
```

मी फक्त शेवटची ओळ वाचली आणि शेठला सांगून टाकलं की ४ तारखेला लागतंय. शेठनी त्यावर ७ तारखेच्या डिलिव्हरीचा सौदा केला. दोन दिवसांनी शेठनी पुतण्याकडनं मोबाइलवर जहाजांचा नकाशा काढून घेतला, बीएलवरचं जहाजाचं नाव टाकलं, आणि मला बोलावलं. "अरे हे तर डर्बनकडं चाललंय! आपली तूर कुणीकडं निघाली?"

तूर कुठंच निघाली नव्हती, ती पोर्ट लुईच्या यार्डात उभी होती. `Transshipment discharged` म्हणजे पहिल्या जहाजानं आपला कंटेनर उतरवून ठेवला आणि ते आपल्या वाटेनं गेलं. बीएलवर सहसा त्या पहिल्याच जहाजाचं नाव असतं, म्हणून एकदा ट्रान्सशिपमेंट झालं की बीएलवरचं नाव नकाशात शोधणं म्हणजे आपण ज्या एसटीतनं बीडला उतरलो ती एसटी पुढं कुठं गेली हे बघत बसणं. दुसऱ्या जहाजाचं नाव ट्रॅकिंगच्या पुढच्या ओळीत असतं, आणि तेही कंटेनर खरंच चढेपर्यंत बदलू शकतं.

पोर्ट लुई मॉरिशसमधलं. शेठचा दुसरा प्रश्न हाच होता, मोझांबिकहून मुंबईकडं यायचं तर मॉरिशसला कशाला, ते तर अजून खाली दक्षिणेला. बरोबर आहे, नकाशावर ते उलटंच दिसतं, मादागास्करला वळसा घालून जावं लागतं. पण छोट्या बंदरातनं गोळा केलेले कंटेनर एका मोठ्या बंदरात आणून तिथनं भारताच्या जहाजावर चढवायचे असा लाइनचा हिशोब असतो, कुणाचं हब पोर्ट लुई, कुणाचं ओमानमधलं सलालाह, कुणाचं कोलंबो. म्हणून बंदराचं नाव अनोळखी दिसलं की त्याच्या मागचा दोन अक्षरांचा देशाचा कोड बघायचा. `MU` मॉरिशस, `OM` ओमान, `LK` श्रीलंका, `MZ` मोझांबिक. `MU` बघून आमच्या दलालानं "मुंबईला आला की" म्हणून पेढे मागितले होते, ते वेगळंच.

खरी चूक नकाशाची नव्हती, तारखांची होती. वरच्या पाच ओळींतल्या पहिल्या तीन घडलेल्या आहेत आणि खालच्या दोन अंदाजाच्या. काही साइटांवर घडलेली ओळ गडद आणि अंदाजाची फिकट असते, काहींवर `Actual` आणि `Estimated` लिहिलेलं असतं, आणि काहींवर सगळ्यात नवी ओळ वर असते काहींवर खाली, त्यामुळं आधी क्रम बघायचा आणि मग शेवटची घडलेली ओळ धरायची. कंटेनर आत्ता कुठंय याचं उत्तर फक्त त्या एका ओळीत असतं. बाकी सगळं वेळापत्रक.

आणि वेळापत्रक तपासायला सोपा हिशोब आहे, तो मी तेव्हा केला असता तर वाचलो असतो. पोर्ट लुई ते न्हावा शेवा साधारण अडीच हजार सागरी मैल. जहाज ताशी चौदा सागरी मैल धरलं तर दिवसाला सव्वातीनशेच्या आसपास मैल कापतं, म्हणजे साडेसात-आठ दिवस, मध्ये दुसरं बंदर घेतलं तर जास्त. म्हणजे ४ ऑक्टोबर खरं व्हायला कंटेनर २६ सप्टेंबरच्या आत चढायलाच पाहिजे. २५ ला मी परत बघितलं तर `Loaded` ची ओळ आलेलीच नाही, आणि पोर्ट लुईची `Estimated departure` गुपचूप २३ सप्टेंबरची २ ऑक्टोबर झालेली. खाली न्हावा शेवाची तारीख मात्र अजून ४ ऑक्टोबरच! दोन दिवसात कुठलं मालाचं जहाज मॉरिशसहून येतंय? खालची तारीख सिस्टिमनं अजून बदललीच नव्हती, एवढंच. आपला कंटेनर ठरलेल्या जहाजावर चढला नाही, पुढच्यावर ढकलला गेला, याला आमच्यात रोलओव्हर म्हणतात. लाइन स्वतःहून फोन करून सांगेलच असं नाही, पण ट्रेलमध्ये, म्हणजे ट्रॅकिंगच्या या ओळींत, ते असंच कळतं: उतरल्याची ओळ आहे, चढल्याची नाही, आणि पुढच्या जहाजाचं नाव नाहीतर तारीख बदललेली. २ तारखेला चढलं, ११ ला न्हावा शेवाला लागलं. सौद्याचं जे व्हायचं ते झालं, त्यावर जास्त बोलत नाही.

मधल्या दिवसात नकाशावर जहाज भर समुद्रात "थांबलंय" असं दिसलं तरी लगेच घाबरायचं नाही. फुकटच्या नकाशांना जहाजाचा सिग्नल बहुतेक किनाऱ्यावरच्या रिसीव्हरकडनं मिळतो, आणि त्यांची पोच तीस-चाळीस मैलांचीच असते. खोल समुद्रात गेलं की नकाशा शेवटचं ठिकाण तसंच दाखवत राहतो, त्याच्या शेजारी किती तासांपूर्वीचं ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचा.

आपल्याकडच्या बंदराच्या नावाचा पण घोळ आहे. न्हावा शेवा, जेएनपीटी, जेएनपीए, `INNSA` ही सगळी एकाच बंदराची नावं. `INBOM` म्हणजे मुंबई बंदर, ते खाडीच्या अलीकडचं जुनं, वेगळं. पण न्हावा शेवाच्या आत बरेच टर्मिनल आहेत आणि त्यातल्या एकाचं नाव एपीएम टर्मिनल्स मुंबई असं आहे, त्यामुळं ट्रेलमध्ये त्या टर्मिनलच्या नावात मुंबई दिसलं म्हणजे माल मुंबई बंदरात गेला असं होत नाही. कंटेनर न्हावा शेवातच असतो. सीएचएला, म्हणजे आपल्या कस्टम एजंटाला, फोन करताना टर्मिनलचं नाव सांगितलं तर त्याला पुढचं हलवता येतं, नुसतं "मुंबईला आलाय" सांगून तो काय करणार.

आणि आता ती जागा जिथं निम्मे लोक फसतात. `Vessel arrived` झालं, मग `Discharged`, मग एक दिवस `Gate out full`, काही साइटांवर तर `To consignee` असंही येतं. शेठ म्हणाले, "निघाला की रे, उद्या सकाळी हमाल सांगून ठेव." बंदराच्या गेटातनं निघाला हे खरं, पण गेला कुठं? बहुतेक वेळा दहा-पंधरा किलोमीटरवरच्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कस्टम तपासणीच्या यार्डात, तिकडंच उरण-द्रोणागिरीच्या बाजूला. तुरीला तिथं कस्टमकडं भरायचं बिल ऑफ एन्ट्री, प्लांट क्वारंटाइनची तपासणी, एफएसएसएआयचं सॅम्पल हे सगळं व्हायचं असतं, फ्युमिगेशनचा काही लोचा निघाला तर अजून दिवस जातात. लाइनच्या ट्रॅकिंगमध्ये यातलं काहीच दिसत नाही कारण लाइनला त्याच्याशी देणंघेणं नाही, तिला फक्त तिचा डबा कुठंय हे पाहिजे. कस्टमचं कुठवर आलंय ते बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर टाकून कस्टमच्या आइसगेट साइटवर बघायचं, आणि डबा बंदरातनं निघून कुठल्या सीएफएसमध्ये शिरला ते कंटेनरचा माग ठेवणाऱ्या एलडीबीच्या साइटवर, `ldb.co.in` ला कंटेनर नंबर टाकून. आयात कंटेनरवर बंदरात आरएफआयडी टॅग लागतो आणि वाटेतल्या गेटवर तो वाचला जातो, म्हणून तिथं लाइनच्या साइटपेक्षा जास्त कळतं.

सगळ्यात फसवी ओळ शेवटची, `Empty returned`. डबा रिकामा परत आला म्हणजे माल पोचला, असं कुणालाही वाटेल. पण आमच्यासारखे लोक सीएफएसमध्येच डबा उघडून पोती ट्रकमध्ये भरतात, डबा तिथनंच परत जातो. म्हणजे ही ओळ आली तेव्हा आपली तूर सीएफएसच्या गोदामात असू शकते नाहीतर ट्रकवर. तिथनं लातूर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्या रस्त्यावर कंटेनर नंबर काही कामाचा नाही. मग एकच ट्रॅकिंग उरतं, एलआरवरचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवरचा, ट्रक नंबर आणि ड्रायव्हरचा फोन. त्या खेपेला तो उचलला गेला तेव्हा भाऊ टेंभुर्णीला जेवायला थांबले होते.