बिनपगारी रजेची कपात: भाजक 30 की कामाचे दिवस?

बिनपगारी रजेची कपात काढताना मासिक पगाराला एका ठरावीक संख्येने भागून एका दिवसाचा पगार काढतात आणि त्याला रजेच्या दिवसांनी गुणतात. प्रश्न भाजकाचाच असतो. पगार 39,000 असेल, तर 30 ने भागल्यास दिवसाला 1,300 कापले जातात, तर कामाचे 26 दिवस धरल्यास 1,500.

केवळ यावरून 30 चा भाजक फायद्याचा ठरत नाही, कारण 30 मध्ये साप्ताहिक सुट्ट्याही पगारी दिवस म्हणून मोजलेल्या असतात. म्हणून शनिवार ते सोमवार अशा सलग रजेत मधला रविवारही रजेत धरण्याचा नियम असल्यास कपात तीन दिवसांची, म्हणजे 3,900 होते. 26 च्या भाजकाने मात्र ती दोनच दिवसांची, म्हणजे 3,000 व्हायला हवी. भाजक 26 ठेवून रविवारही मोजला, तर 4,500 कापले जातात, आणि ही सरमिसळ सरळसरळ चूक आहे.

पडताळणीसाठी संपूर्ण महिना गैरहजर असल्याचे गृहीत धरून हिशोब करावा. 30 दिवसांच्या महिन्यात 1,500 च्या दराने तीसही दिवस कापल्यास रक्कम 45,000, म्हणजे पगाराहूनही अधिक येते. 31 दिवसांच्या महिन्यात 30 चा भाजकही अडचणीत येतो: एकच दिवस काम केलेल्याचे 30 दिवस कापले, तर त्या दिवसाचा पगार शून्य होतो. अशा महिन्यात कपात मोजण्याऐवजी भरलेल्या दिवसांचा पगार मोजणे अधिक न्याय्य ठरते.