फ्लोटिंग गृहकर्ज: हप्ता तोच राहिला म्हणून निश्चिंत राहू नका

मार्च २०२२ मध्ये कोणी ३० लाखांचं गृहकर्ज २० वर्षांसाठी ७ टक्के फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या दराने घेतलं असं धरू. हप्ता बसला २३,२५९ रुपये. त्या मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. रेपोशी जोडलेलं हे कर्ज ९.५ टक्क्यांवर गेलं, पण खात्यातून जाणारा हप्ता तोच राहिला. कर्जदाराला वाटतं, आपल्याला काही झळ बसली नाही.

पहिली चूक हीच. बँक अनेकदा हप्ता न वाढवता मुदत वाढवते. आपल्या उदाहरणात दर तिमाहीला दर बदलला असं धरलं, तर वर्षभर हप्ते भरूनही मुद्दल जेमतेम ३३ हजारांनी कमी होतं. उरलेल्या सुमारे २९ लाख ६७ हजारांवर ९.५ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं अंदाजे २३,४९० रुपये, म्हणजे हप्त्याहूनही जास्त! अशा वेळी मुदत कितीही वाढवली तरी कर्ज फिटत नाही, हप्ता वाढवावाच लागतो. म्हणून खातेउतारा काढा आणि त्यात हप्त्याची रक्कम नव्हे, मुद्दलाचा रकाना बघा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडं थोडं, हे निवडण्याचा पर्याय बँकेने द्यायचा असतो. तो लेखी मागा.

दुसरी चूक म्हणजे दर चढल्यावर घाबरून फिक्स्ड, म्हणजे न बदलणाऱ्या दराकडे पळणं. दर वाढतात तेव्हा खरा फायदा आधीच फिक्स्ड घेतलेल्याचा असतो. ठेवींवर जास्त व्याज देऊनही बँकेला त्याच्याकडून जुनाच दर मिळतो, तोटा तिचा. हा धोका धरूनच बँक नव्या फिक्स्ड कर्जाचा दर मुळात जास्त लावते. २०२३ मध्ये शिखरावर फिक्स्ड घेतलेल्याला पुढची घसरण मिळाली नाही. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला तेव्हा फ्लोटिंगवाल्यांचं व्याज उतरलं.

फिक्स्ड घेणारच असाल तर मंजुरीपत्रातलं ‘रिसेट’चं, म्हणजे दर पुन्हा ठरवण्याचं कलम आधी वाचा. पुष्कळ ठिकाणी ‘फिक्स्ड’ म्हणजे फक्त पहिली दोन-तीन वर्षं, पुढे फ्लोटिंगच. शिवाय वैयक्तिक गृहकर्ज फ्लोटिंग असेल तर मुदतपूर्व फेडीवर दंड लागत नाही, फिक्स्डवर लागू शकतो.

आणि तुमचं कर्ज २०१९ च्या ऑक्टोबरआधीचं असेल, तर ते अजून एमसीएलआर किंवा बेस रेट या बँकेने स्वतः ठरवलेल्या जुन्या पद्धतीच्या दरांवर अडकलेलं असू शकतं. तिथे कपात उशिरा आणि अपुरी उतरते. शाखेत अर्ज करून ते रेपोशी जोडलेल्या दरावर नेता येतं. मात्र त्याचं शुल्क आणि नव्या दरातली बँकेची अधिकची टक्केवारी आधी विचारून घ्या.