भूखंडावर किती बांधता येईल? एफएसआय आणि कव्हरेजचा हिशेब

प्लॉटचे क्षेत्रफळ गुणिले एफएसआय, की झाले बांधीव क्षेत्र, असा हिशेब बहुतेक जण करतात. तो चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. एफएसआय एकूण सगळ्या मजल्यांचे मिळून किती बांधायचे ते सांगतो. जमिनीचा किती भाग इमारतीखाली झाकता येईल ते कव्हरेज, म्हणजे भूव्याप्तीची मर्यादा, सांगते. हे दोन्ही आकडे एकत्र लावल्याशिवाय घराचा आकार कळत नाही, आणि जागेवर जुने घर उभे असेल तर नेमकी इथेच गफलत होते.

गोव्यातले उदाहरण घेऊ, कारण तिथे दोन्ही मर्यादा स्पष्ट टक्क्यांत दिलेल्या असतात. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये गावांची व्हीपी-१ आणि व्हीपी-२ अशी विभागणी आहे. व्हीपी-२ मधल्या वस्तीच्या, म्हणजे सेटलमेंट झोनच्या जागेला एफएआर ६० आणि कव्हरेज ४० टक्के. गोव्यात ज्याला एफएआर म्हणतात तो महाराष्ट्रातला एफएसआयच, फक्त टक्क्यांत लिहिलेला. एफएआर ६० म्हणजे एफएसआय ०.६.

पहिली पायरी: कुठले क्षेत्रफळ धरायचे ते ठरवा. खरेदीखतातला आकडा, गोव्यातला एक-चौदाचा उतारा किंवा महाराष्ट्रातला सातबारा, आणि जागेवरची मोजणी हे तिन्ही समोर ठेवा. ते जुळले नाहीत तर हिशेबासाठी सर्वांत लहान आकडा धरा. मंजुरीच्या वेळी मोठा आकडा टिकेल या भरवशावर घर आखू नका. मग आराखड्यात समोरचा रस्ता रुंद व्हायचा आहे का ते नगररचना कार्यालयात विचारा. २० मीटर दर्शनी बाजूच्या प्लॉटमधून दीड मीटरची पट्टी रस्त्यात गेली तर ३० चौरस मीटर जागा कमी होते. महाराष्ट्रात अशा जागेचा मोबदला जादा चटईक्षेत्राच्या किंवा टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या, रूपात मिळू शकतो, पण तो वेगळा अर्ज आहे. सुरुवातीचा हिशेब पट्टी वजा करूनच करा.

आपला प्लॉट ५०० चौरस मीटरचा, २० बाय २५, रस्ता २० मीटरच्या बाजूला आणि रुंदीकरण नाही असे धरू.

दुसरी पायरी: दोन्ही गुणाकार करा. ५०० × ०.६ = ३०० चौरस मीटर, हे सगळे मजले मिळून. ५०० × ०.४ = २०० चौरस मीटर, हे जमिनीवर. म्हणजे तळमजला २०० चा बांधला तर वर फक्त १०० उरतात. दोन्ही मजले सारखे हवे असतील तर १५० आणि १५०. पूर्ण ३०० तळमजल्यावरच बांधायचे म्हटले तर कव्हरेज आडवे येते. एकमजली घर २०० वरच थांबते आणि १०० चौरस मीटर हक्क न वापरता पडून राहतो.

तिसरी पायरी: सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, कागदावर आखून पाहा. ही अंतरे रस्त्याच्या रुंदीप्रमाणे आणि इमारतीच्या उंचीप्रमाणे बदलतात, त्यामुळे आकडे आपल्या प्लॉटसाठी लेखी घ्या. उदाहरणात पुढे ५ मीटर आणि बाकी तिन्ही बाजूंना ३ मीटर धरू. रुंदी २० मधून ६ गेले, उरले १४. लांबी २५ मधून ८ गेले, उरले १७. आत २३८ चौरस मीटरचा चौकोन मिळतो. तो २०० पेक्षा मोठा आहे, म्हणून इथे कव्हरेजचाच आकडा चालेल.

हेच ५०० चौरस मीटर १० बाय ५० च्या लांबट पट्टीत असतील तर चित्र पालटते. रुंदी फक्त ४ मीटर उरते आणि चौकोन ४ × ४२ = १६८ चा होतो. कागदावर दोन मजल्यांत ३०० बसतात, पण दोन्ही बाहेरच्या भिंती वजा केल्यावर खोली जेमतेम साडेतीन मीटर रुंद राहते. जिथे नियमात कव्हरेजची टक्केवारी दिलेलीच नसते, तिथे तळमजल्याचा आकार हीच अंतरे ठरवतात. म्हणून प्लॉट घेताना नुसते क्षेत्रफळ न पाहता रुंदी आधी मोजा.

चौथी पायरी: कशाची गणना कुठे होते ते तपासा. खांबांवरचे पार्किंग बऱ्याच नियमावल्यांत एफएसआयमधून वगळतात, पण जमीन तर त्याखाली झाकली जातेच, त्यामुळे कव्हरेजमध्ये ते धरावे लागते. बाल्कनी, जिना, लिफ्ट यांचे नियम जागोजागी वेगळे आहेत. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत, जी मुंबई महापालिका वगळता बहुतेक राज्याला लागू आहे, बाल्कन्या एफएसआयमध्येच मोजल्या जातात आणि त्याबदली निवासी बांधकामाला अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून मूळ एफएसआयच्या ६० टक्क्यांपर्यंत जादा, म्हणजे अनुषंगिक, एफएसआय मिळतो. मूळ एफएसआय १.१ असलेल्या शहरात ५०० चौरस मीटरला ५५० आणि अनुषंगिक ३३०, असे ८८० होतात. गोव्याच्या ३०० शी याची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण दोन्हीकडे मोजणीच निराळी आहे.

आता जुन्या घराचा प्रश्न. त्याच ५०० च्या जागेवर चिऱ्यांचे, कौलारू, एकमजली १२० चौरस मीटरचे घर आहे आणि ते ठेवून मागे दुमजली भाग बांधायचा आहे. एफएआरमध्ये ३०० मधून १२० गेले, उरले १८०. कव्हरेजमध्ये २०० मधून १२० गेले, उरले ८०. नवा भाग ८० चा दुमजली केला की १६० होतात. बाकीचे २० चौरस मीटर हक्कात आहेत, पण ठेवायला जमीन नाही. ते जुन्या घरावरच चढवावे लागतील, आणि जुन्या चिऱ्याच्या भिंतींवर स्लॅब टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाया तपासलाच पाहिजे.

याला साधा मार्ग आहे. जुन्या घराला नंतर जोडलेली २० चौरस मीटरची पडवी असेल तर ती काढा. जुने घर १०० चे राहते, जमिनीवर १०० मोकळे होतात आणि नवा दुमजली भाग २०० चा होतो. बेरीज बरोबर ३००. एकमजली भागातला एक चौरस मीटर सोडला की नव्या भागात दोन मिळतात, म्हणून पाडापाडी ठरवण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा. त्याहून जास्त पाडून काही मिळत नाही, कारण पुढे एफएआर अडवतो.

या हिशेबात जुने घर सर्व्हे प्लॅनवर जसे दिसते तेवढेच धरू नका. नंतर वाढवलेले स्वयंपाकघर, पत्र्याची शेड, मागचे शौचालय टेपने मोजून त्यात मिळवा. नकाशावर नसले तरी जागा पाहायला आलेल्या अधिकाऱ्याला ते दिसते आणि मंजुरी तिथेच अडकते.

शेवटी जो आकडा येईल तो बांधीव क्षेत्राचा आहे, भिंतींसकट. ३०० चौरस मीटर म्हणजे सुमारे ३,२२९ चौरस फूट, पण आत वापरायला मिळणारे कार्पेट क्षेत्र त्याहून कमी असते. इंजिनिअरशी बोलताना खोल्यांची मापे कार्पेटमध्ये सांगा आणि मंजुरीचा तक्ता बांधीव क्षेत्रात मागा.