मार्बल, ब्रश स्टील आणि मॅट पेंट: रेंडरमध्ये पृष्ठभाग बिघडवणाऱ्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात इंटिरियरचे काम करणाऱ्यांकडून रेंडरसाठी जे वर्णन येते, ते बहुतेक वेळा एका ओळीचे असते: "हॉलला ग्लॉसी मार्बल, कॉलमला ब्रश फिनिश स्टील, भिंतींना मॅट पेंट." या ओळीत चूक काही नाही, पण रेंडर करणाऱ्याला जे ठरवायचे असते ते तिच्यातून कळत नाही. पृष्ठभागाबद्दल दोन वेगळे प्रश्न असतात. पडलेल्या प्रकाशापैकी किती भाग आरशासारखा परत येतो, हा पहिला; आणि परत येणारे प्रतिबिंब किती पसरते, म्हणजे त्याच्या कडा स्पष्ट राहतात की विरतात, हा दुसरा. "चकाकी" या एका शब्दात दोन्ही प्रश्न मिसळले की पहिल्यातला दोष दुसऱ्याचा आकडा फिरवून दुरुस्त करण्याचा प्रयत्न होतो, आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

टिळकवाडीतल्या एखाद्या फ्लॅटचा हॉल डोळ्यांसमोर आणू. पश्चिमेला बाल्कनीचा मोठा सरकता दरवाजा, खाली पांढरे मार्बल, मधल्या कॉलमला उद्यमबागेतल्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलेले ब्रश स्टीलचे आवरण आणि फिकट पांढऱ्या मॅट भिंती. पहिल्या रेंडरमध्ये फरशी ओली वाटते, स्टील करड्या ऑइल पेंटसारखे दिसते आणि भिंत प्लास्टिकची भासते. खालची नावे आणि आकडे ब्लेंडरमध्ये पृष्ठभागाचे गुण ठरवणाऱ्या `Principled BSDF` या नोडचे आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावे थोडी बदलतात, पण तत्त्व तेच राहते.

मार्बलला धातू समजण्याची चूक

फरशी अधिक चमकावी म्हणून `Metallic` 0.3 किंवा 0.5 पर्यंत वाढवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. मार्बल धातू नाही, त्यामुळे त्याचे `Metallic` 0 च राहिले पाहिजे. `IOR`, म्हणजे अपवर्तनांक, 1.5 च्या आसपास ठेवले की सरळ वरून पाहताना सुमारे 4 टक्केच प्रकाश आरशासारखा परततो आणि दगडाचा रंग व शिरा स्वच्छ दिसतात. नजर तिरपी होत जाते तसे हे प्रमाण वाढते: लंबापासून 60 अंशांवर ते सुमारे 9 टक्के होते, तर 80 अंशांवर 39 टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणूनच खऱ्या हॉलमध्ये पायाजवळच्या फरशीत शिरा दिसतात आणि दूरच्या फरशीत बाल्कनीचा दरवाजा उतरलेला दिसतो. रेंडरमध्ये पायाजवळही तितकेच ठळक प्रतिबिंब येत असेल, किंवा प्रतिबिंबाला दगडाच्या रंगाची छटा चढली असेल, तर `Metallic` शून्यावर नाही असे समजावे.

पॉलिश किती झाले आहे हे `Roughness` ने ठरते. आरशासारख्या पॉलिशला 0.05 ते 0.1 पुरेसे असते. नेमके 0 ठेवले की दगडावर काच अंथरल्यासारखे वाटते आणि आपल्या हॉलमधली फरशी ओली दिसण्याचे एक कारण हेच असते. दुसरे कारण अधिक लपलेले आहे. शिरांच्या चित्रावरूनच `Roughness` आणि उंचसखलपणाचा आभास देणारा `Bump` काढण्याची सवय अनेकांना असते, पण पॉलिशचे मशीन शिरेवरून आणि बाकीच्या दगडावरून सारखेच फिरते, त्यामुळे शीर हा मुख्यतः रंगातला फरक असतो. शिरेपाशी प्रतिबिंब तुटत असेल तर ती जोडणी काढून टाकावी आणि तिच्या जागी पायवाटेवरची झीज किंवा पुसल्याचे अगदी मंद डाग द्यावेत.

वर्णन लिहिताना "ग्लॉसी" या शब्दावर थांबू नये. खुर्चीचा पाय फरशीला जिथे टेकतो तिथे पाहावे. पूर्ण पॉलिश असेल तर पायाचे प्रतिबिंब टोकापासून वरपर्यंत रेखीव राहते. सॅटिन फिनिश असेल तर ते टेकलेल्या जागी स्पष्ट असते आणि जसजसे वर जावे तसतसे विरत जाते. "खुर्चीच्या पायाचे प्रतिबिंब वीतभर उंचीनंतर विरते" हे एक वाक्य रेंडर करणाऱ्याला कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक सांगते. आपल्याकडे पावसाळ्यात संदर्भासाठी फोटो काढणाऱ्यांनी तर हेच पाहावे, कारण ढगाळ आकाशाचा प्रकाश इतका पसरट असतो की फरशीवर झगझगीत ठिपका कुठेच सापडत नाही आणि चांगले पॉलिशही मंद वाटते.

ब्रश स्टील म्हणजे नुसते खरखरीत स्टील नव्हे

इथे `Metallic` पूर्ण 1 लागते. धातूला स्वतःचा पसरट रंग जवळजवळ नसतो. तो जे दाखवतो ते भोवतालचे प्रतिबिंब असते. म्हणून कॉलम काळा पडला तर `Metallic` कमी करू नये, कॉलमसमोर काय आहे ते पाहावे. कॅमेऱ्यामागची खोली रिकामी आणि काळी ठेवलेली असेल, तर स्टील तो काळोखच दाखवणार. मागच्या बाजूलाही भिंत आणि खिडकीचा उजेड दिला की धातू जिवंत होतो. `Metallic` अर्ध्यावर आणल्यामुळेच आपले स्टील ऑइल पेंटसारखे झाले होते.

यानंतर `Roughness` 0.3 च्या आसपास ठेवून `Anisotropic` 0.6 ते 0.8 द्यावे. हे दुसरे मूल्य विसरून केवळ `Roughness` वाढवले, तर प्रतिबिंब सगळीकडे सारखे पसरते आणि पत्रा सँडब्लास्ट केल्यासारखा दिसतो. घासलेल्या पत्र्यावर उजेड रेघांना आडवा ताणला जातो: रेघा आडव्या असतील तर उजेडाचा पट्टा उभा पडतो, आणि रेघा उभ्या असतील तर आडवा. रेंडरमध्ये पट्टा रेघांच्याच दिशेने धावत असेल तर दिशा चुकली आहे. `Anisotropic Rotation` मध्ये 0.25 मिळवले की ती 90 अंशांनी फिरते. `Tangent` ला `UV Map` वर ठेवलेला `Tangent` नोड जोडला, की ही दिशा पत्र्याच्या UV मांडणीप्रमाणे ठरते. हा परिणाम ब्लेंडरच्या `Cycles` या रेंडर इंजिनमध्येच तपासावा. वर्णनात मात्र "ब्रश फिनिश" एवढ्यावर भागत नाही. रेघा उभ्या की आडव्या, हे लिहिलेच पाहिजे.

मॅट भिंत चमकते तेव्हा

भिंतीला `Roughness` 0.85 दिलेले असूनही ती प्लास्टिकसारखी दिसत असेल, तर बहुतेक वेळा दोष त्या आकड्याऐवजी त्याला जोडलेल्या चित्रात असतो. `Roughness` चे चित्र जोडले की आकड्याची जागा चित्र घेते, आणि त्याचे `Color Space` चुकून `sRGB` राहिले तर मधला 0.5 करडा सुमारे 0.21 म्हणून वाचला जातो. सगळा पृष्ठभाग अपेक्षेपेक्षा गुळगुळीत होतो. ते `Non-Color` करावे. एकापेक्षा अधिक पृष्ठभाग एकाच वेळी जास्त चमकत असतील, तर सर्वांत आधी हेच तपासावे.

याच्या उलट चूकही होते. चमक नकोच म्हणून प्रतिबिंब पूर्ण बंद केले जाते आणि भिंत कागद चिकटवल्यासारखी सपाट होते. मॅट पेंटही तिरप्या उजेडात थोडा प्रकाश परतवतो, म्हणून `IOR` तसेच ठेवून फक्त `Roughness` 0.8 ते 0.9 ठेवावे आणि रोलरचा दाणा दिसेल न दिसेल इतका `Bump` द्यावा. पांढऱ्या रंगासाठी `Base Color` 1.0 देऊ नये, 0.8 च्या आसपास थांबावे. पूर्ण पांढऱ्या भिंतींमध्ये प्रकाश कमी न होता उसळत राहतो, कोपऱ्यांतल्या सावल्या पुसल्या जातात, आणि मग फरशी व स्टील यांना दाखवायला गडद असे काही उरतच नाही.

दुरुस्तीचा क्रमही म्हणूनच भिंत, मग फरशी आणि शेवटी स्टील असा ठेवावा. स्टील भिंत आणि फरशी दोन्ही दाखवते. ते आधी जुळवले, तर भिंतीचा पांढरा बदलताच पुन्हा जुळवावे लागते.