रोज किती नवे शब्द? माझं अँकीचं गणित

देगलूरला दुकान म्हटलं की तेलुगू बोलणारी गिऱ्हाइकं येणारच, म्हणून अँकी या शब्दकार्डांची उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये तेलुगू शब्दांची कार्डं केली. New cards/day मुळात 20 असतं, ते तसंच ठेवलं होतं. काही आठवड्यांतच उजळणीचा ढीग साचला, कारण आज घेतलेलं कार्ड पुढे पुन्हा पुन्हा समोर येतं. ढोबळ अंदाज असा, की रोजच्या नव्या कार्डांच्या साधारण दहापट उजळणी ठरलेली.

मग उलटं गणित मांडलं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा वीस मिनिटं मिळतात. एका कार्डाला दहा सेकंद धरले तर 120 कार्डं होतात. विसरलेली पुन्हा येतात, त्यांना जागा सोडून नवी 10 ठेवली. माझी कार्डं दोन्ही बाजूंची आहेत, त्यामुळे 10 कार्डं म्हणजे खरे पाचच शब्द!

Maximum reviews/day कमी करून ढीग फक्त झाकला जातो, म्हणून ते 9999 केलं. साचलेलं संपेपर्यंत नवी कार्डं शून्यावर.

'उल्लिपाय' (कांदा) आणि 'वेल्लुल्लि' (लसूण) एकाच दिवशी घेतले होते, तर दोन्ही आठवायचे नाहीत आणि सारखं Again दाबावं लागायचं. लसूण Suspend केला, कांद्याच्या कार्डावर 'उल्लिपाय किलो एंत?' असं अख्खं वाक्य टाकलं. कांदा पक्का झाल्यावर लसूण परत आणला. आता Stats मध्ये बरोबर उत्तरं 85 टक्क्यांच्या खाली गेली की नवी कार्डं 10 वरून 6 करतो.