कुष्ठरोगाचा स्मिअर घेताना या चुका टाळा

"क्षयाच्या थुंकीसारखं याचंही कल्चर लावा ना, शंका मिटेल." प्रयोगशाळेत नवे डॉक्टर आले की हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. हॅन्सन या डॉक्टरनं नॉर्वेतल्या बर्गेनला १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पाहिला, पण कृत्रिम माध्यमात तो आजवर वाढलेला नाही. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा कारणाचा अंदाज आला. सुमारे १६०० जनुकं चालू आणि ११०० च्या आसपास मोडकी! आपलं बरंचसं काम तो यजमानाच्या पेशीकडून करून घेतो, बशीत त्याला एकट्याला जगता येत नाही. उंदराच्या तळपायात वाढवता येतो, पण एकाचे दोन व्हायला त्याला १२ ते १४ दिवस लागतात, त्यामुळे तिथेही निकालाला सहा महिने सहज जातात. थोडक्यात, कल्चरचा पर्याय नाही. हाती उरतो तो स्मिअर, म्हणजे कातडीला चीर देऊन खरवडलेला गर पसरलेली काचेची पट्टी, आणि ती बिघडवायच्या वाटा मात्र भरपूर आहेत.

सगळ्यात मोठी चूक जागेची. हा जंतू साधारण ३० अंशांच्या आसपास खूश असतो. म्हणून तो कानाच्या पाळीत, भुवईत, नाकात, हातापायांच्या कातडीत भरतो. काख, जांघ अशा उबदार जागा बहुधा टाळतो. मागे आमच्याकडे एक माणूस 'निगेटिव्ह' रिपोर्ट घेऊन आला. चेहरा चकचकीत, भुवयांचे केस बाहेरच्या टोकाकडे विरळ झालेले, कानाच्या पाळ्या जाड. नमुना घेतला होता कुठून? छातीवरच्या एका पुसट डागाच्या मधोमध! पट्टी भिंगाखाली धरली तर तांबड्या पेशींचा चिखल. आम्ही दोन्ही पाळ्या, एक भुवई आणि हातावरच्या चट्ट्याची कड अशा चार जागा घेतल्या. कुठलाही चट्टा असो, मध्यावर नाही, उठावदार कडेवर चिरायचं.

रक्त ही दुसरी चूक, आणि ती ब्लेडमुळे नाही, चिमटीमुळे होते. अंगठा आणि तर्जनीत कातडी धरून पांढरी पडेपर्यंत दाबायची आणि पट्टी तयार होईपर्यंत सोडायची नाही. १५ नंबरच्या ब्लेडनं साधारण ५ मिमी लांब, २ ते ३ मिमी खोल चीर. मग ब्लेड काटकोनात वळवून चिरेची आतली बाजू दोन-तीनदा एकाच दिशेनं खरवडायची. ब्लेडच्या टोकाला ओलसर, फिकट गर आला की काम झालं. रक्त आलं तर टिपून घ्या आणि पुन्हा खरवडा. घाबरून उथळ चीर दिली की फक्त वरची कातडी निघते आणि जंतू खालीच राहतो. पट्टीवर गर वाटाण्याएवढ्या गोलात पसरायचा, हवेत वाळवायचा, ज्योतीवरून झटपट फिरवून पक्का करायचा. प्रत्येक रुग्णाला ब्लेडही नवं आणि पट्टीही नवी. धुतलेल्या जुन्या पट्टीवर मागच्या माणसाचे जंतू चिकटून राहू शकतात.

रंगवताना क्षयाची सवय नडते. कार्बॉल फुक्सिन वाफा येईपर्यंत तापवतात, ते ठीकच. पण क्षयाला चालणारं २० ते २५ टक्क्यांचं सल्फ्युरिक आम्ल इथे वापरलं, तर कुष्ठजंतूचा लाल रंगही उतरतो, कारण तो रंग त्याला तितका घट्ट धरून ठेवता येत नाही. ५ टक्क्यांचंच आम्ल घ्या. मग मेथिलीन ब्लू. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या, बऱ्याचदा जुडीनं.

आमच्या त्या माणसाच्या पाळ्या आल्या ४+ आणि ४+, भुवई ३+, चट्टा ३+. चारही जागांची सरासरी ३.५, हा झाला त्याचा जंतू निर्देशांक. ४+ म्हणजे तेलाच्या लेन्समधून एका क्षेत्रात १० ते १०० जंतू. ३+ म्हणजे १ ते १०.

आता वाचनातली चूक. बधिर डाग आहे, स्मिअर निगेटिव्ह आहे, म्हणून कुष्ठरोग नाही, असं कधीही म्हणू नये. कातडीच्या एका ग्रॅममध्ये साधारण १०,००० जंतू असल्याशिवाय पट्टीवर एखादाही दिसणं कठीण, आणि एक-दोन चट्टे असलेल्या रुग्णात ते इतके नसतातच. तिथे निदान बधिरतेवर आणि जाड झालेल्या नसेवर होतं. स्मिअर पॉझिटिव्ह आला तर मात्र चट्टे मोजत बसू नका, एक असला तरी तो रुग्ण बहुजंतूवाला.

याच्या उलट गोंधळ औषधं संपल्यावर होतो. वर्षभराचा कोर्स पुरा झाला तरी त्या माणसाच्या पट्टीत लाल काड्या होत्याच आणि घरचे हवालदिल. पण मेलेले जंतूही लाल दिसतात. शरीर ते हळूहळू साफ करतं, निर्देशांक वर्षाला साधारण अर्ध्या ते एका अंकानं उतरतो. काड्यांचे तुकडे आणि मण्यांसारखे ठिपके दिसत असतील तर ते मृत धरायचे. निर्देशांक चढायला लागला, किंवा सलग, भरीव रंगलेल्या काड्या पुन्हा दिसल्या, तर रोग उलटल्याचा संशय घ्यायचा. म्हणून जुनी पट्टी टाकू नका, आणि पुढचा नमुना त्याच चार जागांवरून घ्या.